शेवटच्या रांगेतून तुमचे डोळे दिसत नाहीत

मोठ्या सभागृहात पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्याला ‘सगळ्यांच्या नजरेला नजर द्या’ असं हमखास सांगितलं जातं. आता हिशोब करू. बुबुळ असतं साधारण १२ मिलिमीटरचं. २० मीटरवरच्या श्रोत्याला ते एक मीटरवर ठेवलेल्या साखरेच्या दाण्याएवढं दिसतं. म्हणून तो तुमची नजर चेहऱ्याच्या रोखावरून ओळखतो. तेच डोळे ठेवून भोवतालचा चेहरा बदलला, की नजर वेगळीकडे वळल्यासारखी वाटते, हे इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम वोलास्टन यांनी चित्रं काढून १८२४ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा नुसते डोळे फिरवू नका, नाक वळवा.

अंतराचा एक फायदाही आहे. चेहऱ्याचा रोख पाच अंशांनी बदलला तर तीन मीटरवर तो जेमतेम अर्धी खुर्ची सरकतो, पण २० मीटरवर पावणेदोन मीटर, म्हणजे तीन खुर्च्या. मागे एका जागी बघितलं तरी आजूबाजूच्या कितीतरी जणांना ‘आपल्याकडेच बघतायत’ असं वाटतं. त्यामुळे डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मागच्या बाजूला एकेक ठिकाण पुरतं. एक वाक्य एका ठिकाणी पूर्ण करा, मग वळा. टेबलफॅनसारखी मान फिरत राहिली तर नजर कुठेच ठरत नाही. दिवे डोळ्यांवर आले की पहिल्या तीन-चार रांगांपलीकडे अंधारच दिसतो आणि नजर आपोआप त्या पुढच्या रांगांतच घुटमळते. म्हणून दिवे लागण्याआधीच खांब, दाराची पाटी, बाल्कनीचा कठडा अशा खुणा हेरून ठेवाव्यात.

कागदाच्या वरच्या अर्ध्या भागातच मजकूर ठेवा. खालच्या ओळी वाचताना मान झुकते आणि मागच्यांना फक्त कपाळ दिसतं. पोडियमवर रेलू नका. खांदे कानांकडे चढतात, शिवाय पोडियमचा खडखडाट माइकमधून ऐकू येतो. पावलं खांद्यांपेक्षा थोडी कमी अंतरावर, भार दोन्हींवर, बोटं पोडियमच्या कडेवर हलकी टेकलेली.

खरी फजिती होते ती नावापाशी. ‘आणि आता मी आमंत्रित करतो...’ म्हणत निवेदक पाहुण्यांकडे वळतो, तोंड माइकपासून दूर जातं. १५ सेंटिमीटरचं अंतर ३० झालं की माइकपर्यंत पोचणारा ध्वनिदाब निम्मा होतो. त्यात स, श, च यांची धार तोंड ज्या दिशेला असेल तिकडेच जास्त जाते. म्हणजे अख्ख्या परिचयातलं नेमकं नावच पुसट होतं! क्रम असा ठेवा: सभागृहाकडे बघत पूर्ण नाव, क्षणभर थांबणं, मगच पाहुण्यांकडे वळणं.

हात याच वेळी कामाला येतो. पोडियमच्या कडेखाली केलेले हातवारे कुणालाच दिसत नाहीत, आणि नुसती बोटं हलवली तर लांबून कळत नाहीत. पाहुणे उजवीकडे असतील तर उजवा हात खांद्यापासून उघडा, तळवा वर. डावा हात छातीवरून आडवा नेला तर धडच वळतं. पाहुणे उठेपर्यंत हात तसाच ठेवा आणि मग डावीकडून बाहेर पडा, म्हणजे पोडियमपाशी दोघांची धडक होत नाही.