मधला कप्पा : एका पत्रामागची पार्श्वभूमी

माझ्या एका मैत्रिणीने २०११ मध्ये लेखा विभागातली नोकरी सोडली. तेरा वर्षांनी भोसरीजवळच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातून तिला लेखापालाच्या जागेसाठी मुलाखतीचे बोलावणे आले. कामाची तयारी तिने आपली आपण केली होती. जीएसटी तिच्या नोकरीच्या काळात अस्तित्वातच नव्हता, तोही ती नव्याने शिकली होती. मला तिने विचारले ते एवढेच, की जाताना नेसू काय किंवा घालू काय. उत्तरादाखल मी तिला चार पानांचे पत्र लिहिले. त्यातला प्रत्यक्ष सल्ला दोन ओळींचा होता: ‘निळसर राखाडी रंगाचा सुती कुर्ता, सरळ शिवणीची पँट, पायात सपाट बंद बूट, ओढणी घेऊ नकोस आणि साडीचा विचार या वेळी सोडून दे.’ बाकीची पाने हा सल्ला असा का, याबद्दल होती, आणि ती पार्श्वभूमी येथे थोडी सविस्तर मांडत आहे.

सुरुवात तिच्या कपाटापासून करावी लागेल. वरच्या कप्प्यात पैठणी, एक कांजीवरम आणि मुलाच्या मुंजीत घेतलेली बनारसी होती. खालच्या कप्प्यात गाऊन, लेगिंग्ज आणि धुऊन धुऊन विटलेले कुर्ते होते. नोकरीच्या दिवसांत मधल्या कप्प्यात आठवड्याचे सहा जोड घडी घालून ठेवलेले असत. तिथे आता चादरी आणि मुलांचे आखूड झालेले स्वेटर होते. नोकरीत मोठा खंड पडलेल्या बहुतेक बायकांचे कपाट असेच असते. समारंभाचे असते, घरातले असते. चार अनोळखी माणसांसमोर बसून स्वतःच्या कामाबद्दल बोलताना अंगावर असावे असे मधले काही नसते.

हा मधला कप्पा मुळात फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा मराठी घरात बाईचे लुगडे घरचे असे किंवा सणावाराचे. परक्या माणसांत बसून काम करण्याचे वस्त्र ही कल्पनाच नव्हती, कारण तसे काम करायला तिने बाहेर पडावे अशी अपेक्षा नव्हती. ज्या थोड्या बाहेर पडल्या, त्यांना कपड्यांचा विचार आधी करावा लागला. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथल्या थंडीत ते चालणार नाही, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. त्यांनी गुजराती पद्धतीची, पाय झाकणारी साडी स्वीकारली. त्याआधी दोन दशके, सत्येंद्रनाथ टागोर सनदी नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात असताना, त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी पारशी स्त्रियांची नेसण पाहून परकर, पोलके आणि डाव्या खांद्यावर पदर अशी नेसण बेतली होती. आज ज्याला आपण साडी नेसणे म्हणतो त्याच्या जडणघडणीत या बेतण्याचा मोठा वाटा आहे. मराठी घरांत हे ‘गोल पातळ’ लगेच रुजले नाही. कासोटा नसलेले पातळ सोवळ्याला चालत नसे, त्यामुळे कित्येक घरांत शाळेवर शिकवायला जाणारी सून बाहेर गोल नेसे आणि घरी आल्यावर पुन्हा नऊवारीत जाई. मधल्या कप्प्याची सुरुवात या कपडे बदलण्यात झाली, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर शिक्षिका, परिचारिका, टंकलेखिका आणि टेलिफोन ऑपरेटर यांची संख्या वाढली, पण सुती साडी हे कचेरीसाठी गैरसोयीचे वस्त्र होते. तिला खळ लागते, इस्त्री लागते आणि गर्दीच्या लोकलमधून उतरेपर्यंत ती चुरगळून जाते. नायलॉन आणि पुढे पॉलिएस्टर साडी आल्यावर हे चित्र पालटले. रात्री धुतलेली साडी सकाळी वाळलेली असे, इस्त्रीची गरज नसे, आणि खांद्याला एक व निऱ्यांना एक सेफ्टी पिन लावली की संध्याकाळपर्यंत तिच्याकडे पाहावे लागत नसे. उन्हाळ्यात ती अंगाला चिकटते, स्टोव्हजवळ धोक्याची असते, हे सगळे खरे. तरीही मध्यमवर्गीय नोकरदार बाईचा रोजचा अर्धा तास या कापडाने वाचवला. ‘ऑफिसची साडी’ हा शब्दप्रयोग याच काळातला.

हा कप्पा भरत होता तसा रिकामाही केला जात होता. मुंबईतल्या एका औषध कंपनीत अविवाहित कामगार स्त्रीने लग्न केले की तिची नोकरी आपोआप संपत असे. विवाहित बायका अधिक गैरहजर राहतात आणि वेष्टन विभागातले गटाने करायचे काम त्यामुळे अडते, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १९६५ मध्ये फेटाळला. हवाई सुंदरींची नोकरी पहिल्या गरोदरपणाबरोबर संपवणारा एअर इंडियाचा नियम रद्द व्हायला १९८१ साल उजाडले. प्रसूती रजेचा कायदा १९६१ चा. त्यातली बारा आठवड्यांची रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांवर गेली. नियमाने नोकरी जाण्याचे दिवस संपले, पण मूल काही महिन्यांचे झाल्यापासून ते एकटे शाळेत जाऊ लागेपर्यंतची वर्षे प्रसूती रजेत बसली नाहीत. माझ्या मैत्रिणीची नोकरी याच फटीत गेली. अशा स्त्रियांना परत घेण्याचा विचार मोठ्या उद्योगांत उशिरा सुरू झाला. टाटा समूहाने ‘सेकंड करिअर’ नावाने खास कार्यक्रम आखला तो २००८ मध्ये. भोसरीच्या कारखान्यात असले काही नसते. तिथे सरळ मुलाखत असते, आणि बाहेरच्या बाकावर शेजारी पंचविशीतली मुलगी बसलेली असते.

त्या मुलीच्या अंगावर काय असेल, हे मागच्या तीस-चाळीस वर्षांतल्या बदलांनी ठरवले आहे. आपण ज्याला पंजाबी ड्रेस म्हणतो तो आधी महाविद्यालयांत आला आणि तिथल्या मुली नोकरीला लागल्या तसा कचेरीत शिरला. नव्वदीच्या अखेरीस हिंजवडीसारखी संगणक उद्याने उभी राहिली आणि पांढरा शर्ट, काळी पँट हा मुलाखतीचा जवळजवळ गणवेश झाला. माझी मैत्रीण नोकरी सोडताना तोच घालत होती. तिची पाठ वळल्यावर तो सैल झाला. इन्फोसिसने २०१५ मध्ये आठवड्याचे सगळे दिवस साध्या कपड्यांत येण्याची मुभा दिली, आणि इतरत्रही टाय व कडक शर्ट हळूहळू मागे पडले. दरम्यान ओढणी गळाली, सलवारीच्या जागी सरळ पँट आली, आणि गुडघ्यापर्यंतचा कुर्ता व पँट हा खाजगी नोकरीतला सर्वमान्य जोड झाला. आज पांढऱ्या शर्टात गेलेली चाळिशीतली बाई चुकीची दिसत नाही. फक्त तिच्या शर्टावर २०११ साल वाचता येते.

हे सगळीकडे सारखे नाही, हेही पत्रात लिहिले होते. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांसाठी आणि मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या. शिक्षिकांच्या सूचनेत साडी किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा असा स्पष्ट उल्लेख आहे. तीच मैत्रीण शाळेतल्या जागेसाठी जाणार असती, तर मी तिला बिनधास्त साडी नेसायला सांगितले असते आणि हे पत्र एका पानात संपले असते.

साडीचा हट्ट तिचाच होता. जुन्या दिवसांतली एक सुती मंगलगिरी साडी तिने जपून ठेवली होती, पण ब्लाउज बसेना. चांगला शिंपी बाजूच्या शिवणीत माया सोडतो, तशी ती होती, आणि उसवल्यावर ब्लाउज अंगात शिरलाही. मात्र दाबून राहिलेल्या पट्टीचा रंग मूळचा गडद, बाकीचे कापड विटलेले, त्यामुळे दोन्ही कुशींना बोटभर रुंदीचे पट्टे उमटले आणि जुन्या टाक्यांची भोके रांगेने दिसू लागली. पदराने एक कूस झाकली असती, दुसरी नाही. शिवाय कारखान्याचे कार्यालय पहिल्या मजल्यावर होते आणि वर जायला लोखंडी जाळीचा जिना होता, असे तिच्याच बोलण्यात आले. निऱ्या सावरत, एका हातात फाइल घेऊन तो चढणे ही तेरा वर्षे सवय गेलेल्या बाईची कसरत झाली असती. रोज नेसणारीची गोष्ट वेगळी.

कुर्त्यासाठी अडीच मीटर कापड घेतले, ते शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवले. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी हौसेने धुतलेला नवा कुर्ता काखेत आवळल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. शिवून आल्यावर तिला तो घालून घरातल्या साध्या खुर्चीत अर्धा तास बसायला सांगितले. पहिल्या खेपेला बाजूची चीर कमरेपर्यंत उघडत होती, म्हणून ती दोन इंच खाली आणली. आरशासमोर उभे राहून हा दोष दिसत नाही.

बुटांची गंमत निराळी झाली. माळ्यावरच्या खोक्यात नोकरीच्या काळातले काळे बूट होते, वरून अगदी नव्यासारखे. ते घालून ती सोसायटीत एक फेरी मारून आली, तेव्हा जिन्यात काळ्या भुग्याचा माग उमटला होता. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो आणि न वापरता पडून राहिला तरी वाचत नाही. अंगठ्याने दाबून पाहिल्यास तो चिकट लागतो किंवा त्याला तडे जातात. हे भोसरीच्या जिन्यावर न कळता घरी कळले, हे नशीब. शेवटी जवळच्या दुकानातून घेतलेले नवे सपाट बूट तिने आठवडाभर घरात घालून सैल केले.

पत्राच्या शेवटी मी लिहिले होते: ‘अगं, आत्ता एकच जोड शिव. काम मिळाले तर पहिला आठवडा तिथल्या बायका काय घालतात ते बघ आणि मग पुढचे घे.’ यावर आमचे अजून एकमत नाही. तिच्या मते एकच जोड शिवणे म्हणजे नोकरी मिळणार नाही असे धरून चालणे आहे, आणि मला न सांगता तिने त्याच शिंप्याकडे आणखी दोन कुर्त्यांचे कापड टाकले आहे, तेही न भिजवता.