शाब्दिक उदाहरणांचे भाषांतर : फाइल पाठवण्याआधी एवढे वाचा

स्वाध्यायपुस्तिका, शिष्यवृत्तीचे सराव संच आणि प्रश्नपेढ्या आमच्याकडे इंग्रजीतून मराठी करायला येतात. गोष्टीच्या पुस्तकापेक्षा या कामाला वेळ जास्त का लागतो, हे आमच्या पुण्यातल्या कार्यालयात जवळजवळ प्रत्येक नवा ग्राहक विचारतो. त्याचे उत्तर चार ओळींच्या एका गणितातून देतो. हा कच्चा खर्डा आमच्याच टेबलावरचा आहे :

"सानियाकडे २४ गोट्या आहेत. तिच्याकडे नेहापेक्षा तिपटीने जास्त गोट्या आहेत. तिने तिच्या निम्म्या गोट्या भावाला दिल्या. आता भावाकडे किती गोट्या आहेत?"

कानाला काहीच खटकत नाही. आता सोडवून बघा. मुळात सानियाच्या गोट्या नेहाच्या तिप्पट होत्या, म्हणजे नेहाकडे २४ ÷ ३ = ८. पण 'तिपटीने जास्त' याचा अर्थ नेहाच्या गोट्या अधिक त्यांची तिप्पट असाही लागतो. मग सानियाकडे नेहाच्या चौपट होतात आणि नेहाकडे उरतात ६. वर्तमानपत्रात 'भाव दुपटीने वाढले' चालून जाते, कारण तिथे कोणी उत्तर तपासत नाही. गणितात आम्ही 'पट' आणि 'जास्त' एका वाक्यात येऊच देत नाही.

पुढची चूक शैलीच्या नादाने झालेली. मूळ वाक्यात गोट्या देणारी नेहा होती. नाव सारखे नको म्हणून खर्ड्यात 'तिने' आले आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सानियाच राहिली. म्हणजे भावाला ४, ३ किंवा १२ गोट्या, तुम्ही कसे वाचता त्यावर. तिन्ही उत्तरे पूर्ण संख्येत येतात, त्यामुळे काही चुकले असा संशय मुलाला येणारच नाही. अर्धी गोटी उरली असती तर निदान त्याने पुन्हा वाचले असते!

शेवटचा दोष मात्र मूळ इंग्रजीतला. भावाकडे आधी गोट्या होत्या की नव्हत्या, हे सांगितलेलेच नाही. असे काही दिसले की आम्ही परस्पर बदलत नाही, तुम्हाला विचारतो. पक्का मजकूर असा झाला :

"सानियाकडे २४ गोट्या आहेत. ही संख्या नेहाकडील गोट्यांच्या तिप्पट आहे. नेहाने आपल्या गोट्यांपैकी निम्म्या गोट्या आपल्या भावाला दिल्या. भावाला किती गोट्या मिळाल्या?"

'आपल्या' हा शब्द इथे फार उपयोगाचा. इंग्रजीत एकच 'हर' दोघींनाही लागतो. मराठीत 'आपल्या' म्हटले की ते वाक्यातल्या कर्त्याकडे, म्हणजे नेहाकडेच जाते.

काही ग्राहक म्हणतात, दुसरे वाक्य सोपे करा, 'नेहाकडे सानियाच्या एक तृतीयांश गोट्या आहेत' असे लिहा. उत्तर तेच येईल, पण गणित तेच राहणार नाही. 'तिप्पट' शब्द दिसला तरी इथे भागायचे आहे, हे मुलाला ओळखता येते का, हेच त्या उदाहरणात तपासायचे आहे. वाक्य उलटवले की क्रियेची दिशा आयती हातात पडते. असे बदल उत्तरसूचीशी ताडून सापडत नाहीत.

म्हणून तपासणी दोनदा होते. आधी मूळ न पाहिलेली व्यक्ती फक्त मराठीवरून गणित सोडवते आणि दुसरे उत्तर निघू शकते का ते मुद्दाम शोधते. मग दुसरी व्यक्ती मूळ शेजारी ठेवून पाहते, की माहिती त्याच क्रमाने आणि त्याच दिशेने दिली आहे ना. प्रत्यक्ष मुलांकडून सोडवून घेणे यात येत नाही. ते तुमच्या शिक्षकांनी एका वर्गावर करून पाहिलेले बरे.

एककांबाबत थोडक्यात. 'सव्वातीन' हे तासांत ३.२५ असते, घड्याळात मात्र ३ वाजून १५ मिनिटे. त्यामुळे वेळ आम्ही '३.१५' अशी टिंब देऊन छापत नाही, दशांश अपूर्णांकाशी गल्लत होते. 'परवा' वर्ज्य, कारण तो मागचाही असतो आणि पुढचाही. तिथे वार लिहितो. डॉलरचे नुसते रुपये केले तर मंडईत ७५ पैशांना सफरचंद मिळू लागते. किंमत बदलायची तर उत्तर, पर्याय आणि चित्रातला आकडाही बदलावा लागतो, आणि ते तुमच्या लेखी होकाराशिवाय आम्ही करत नाही.

फाइलसोबत उत्तरसूची, इयत्ता आणि चित्रे पाठवा. अंक देवनागरी हवेत की आंतरराष्ट्रीय, तेही कळवा. संख्या अक्षरी लिहायच्या असतील तर शाळेत कोणती पद्धत चालते ते सांगा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले तेव्हा केवढा वाद झाला, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. आमचा दर शब्दांवर नसून उदाहरणावर आहे. वरचे गोट्यांचे गणित जेमतेम बावीस शब्दांचे आहे.