किस्साको (सुलेखनपट)

किस्साको हा तीन चिनी अक्षरांचा बोल. जपानी चहाघरात 'तोकोनोमा' नावाचा एक उथळ कोनाडा असतो, आणि त्यात टांगायच्या सुलेखनपटांवर हा बोल फार वेळा लिहिलेला आढळतो. पहिले अक्षर 'कित्सु', अर्थ खाणे किंवा पिणे. दुसरे 'सा', म्हणजे चहा. तिसरे 'को', म्हणजे जाणे. तिन्ही जोडून म्हणताना उच्चार 'किस्साको' असा होतो. मधल्या अक्षराचा दुसरा उच्चार 'चा' आहे आणि आपल्याकडचा 'चहा' हा शब्द त्याच उच्चाराच्या वाटेने आला आहे.

शब्दशः अर्थ 'जा, चहा पी' असा. पण हा पट टांगणाऱ्या बहुतेक जपानी यजमानांच्या मनात 'या, चहा घ्या' असा अर्थ असतो. अर्थातला हा फरक सगळा शेवटच्या अक्षरावर उभा आहे, आणि तो समजायला मूळ गोष्टीकडे जावे लागते.

हा बोल तांग काळातले चिनी झेन आचार्य चाओचौ त्सुंगशेन यांच्या नावावर आहे. जपानी लोक त्यांना जोशू म्हणतात. परंपरेने त्यांचा काळ इ.स. 778 ते 897 असा दिला जातो, म्हणजे आयुष्य जवळजवळ एकशेवीस वर्षांचे. आजच्या हपै प्रांतातल्या चाओचौ गावच्या मठात ते ऐंशीव्या वर्षी स्थिरावले, असे सांगतात. एकदा मठात नवा भिक्षू आला. आचार्यांनी विचारले, "यापूर्वी इथे आला होतास का?" तो म्हणाला, "आलो होतो." आचार्य म्हणाले, "जा, चहा पी." दुसऱ्यालाही तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "नाही, कधीच नाही." त्यालाही उत्तर तेच, "जा, चहा पी." मठाचा कारभारी हे ऐकत होता. त्याने विचारले, "जो आला होता त्यालाही चहा आणि जो आला नव्हता त्यालाही चहा, हे कसे?" आचार्यांनी हाक मारली, "कारभारी!" तो म्हणाला, "जी." आचार्य म्हणाले, "जा, चहा पी."

गोष्ट एवढीच. चाओचौंच्या संवादसंग्रहात ती आहे. झेन परंपरेत तिचा नेहमीचा अर्थ असा सांगतात की आलेला आणि न आलेला, जाणता आणि अजाण, असा भेद आचार्य ठेवत नाहीत. कारभाऱ्याचा प्रश्न त्या भेदातच अडकला होता, म्हणून त्याच्याही पदरात तेच उत्तर पडले. त्यातली हाक मात्र सहज नजरेतून सुटते. हाक ऐकताच कारभाऱ्याने 'जी' म्हटले, तेव्हा त्याच्या मनात कोणताही भेद नव्हता. आचार्यांनी नेमका तो क्षण पकडला.

'जा' या शब्दात पाहुणचार किती आणि टोला किती, हा खरा वादाचा मुद्दा आहे. हा बोल एकट्या चाओचौंचा नव्हे. 'निळ्या कड्याची नोंद' या बाराव्या शतकातल्या संग्रहातल्या 95व्या प्रकरणात दोन भिक्षूंची चर्चा अडते आणि शेवटी एक जण दुसऱ्याला हेच म्हणून थांबवतो. तिथे पाहुणचाराचा प्रश्नच येत नाही. 'जा, चहा पिऊन ये, म्हणजे डोके ठिकाणावर येईल' असा त्याचा सूर आहे. तांगकालीन बोलीचा अभ्यास करणारे म्हणूनच सांगतात की 'को' हे अक्षर समोरच्याला खरोखर तिथून जायला सांगते.

जपानी वाचन तरीही चूक म्हणून मोडीत काढता येत नाही. मराठी माणसाला तर ते लगेच पटावे. निघालेल्या पाहुण्याला आपण 'चहा घेऊन जा' म्हणतो तेव्हा वाक्यात 'जा' असते, पण सांगणे थांबण्याचे असते. जपानमध्ये हा बोल मठाच्या सभागृहातून चहाघरात आला तेव्हा त्याच्या सुरात असाच पालट झाला. चहाघरात यजमान स्वतः चहा करून देतो, आणि तिथे 'निघ' हा अर्थ बसणारच नव्हता. तरी जुना टोला माहीत असलेल्या पाहुण्याला या पटात दोन्ही सूर ऐकू येतात, आणि माझ्या मते हा बोल इतका टिकला तो त्यामुळेच.

पाहुणा खोलीत आला की आधी पटासमोर जातो. गुडघ्यांवर बसून मिटलेला पंखा पुढ्यात ठेवतो, वाकतो, पट पाहतो आणि पुन्हा वाकतो. सोळाव्या शतकातले चहाचे आचार्य सेन नो रिक्यू यांची शिकवण म्हणून सांगितल्या जाणाऱ्या 'नानपोरोकु' ग्रंथात, टांगलेल्या पटाइतके महत्त्वाचे दुसरे कोणतेही उपकरण नाही, असे म्हटले आहे. तो ग्रंथ सतराव्या शतकाच्या अखेरीस उजेडात आला आणि रिक्यूंशी त्याचा संबंध किती यावर वाद आहे. चहाघरातला रिवाज मात्र आजही त्या वचनाला धरून आहे.

आता अक्षरांकडे. हा बोल बहुधा उभ्या एका ओळीत आणि 'ग्योशो' म्हणजे अर्धधावत्या लिपीत लिहितात. या लिपीत रेघा एकमेकींत मिसळतात, तरी अक्षर ओळखू येते. अडचण अशी की पहिल्या अक्षरात बारा रेघा आहेत, दुसऱ्यात नऊ आणि तिसऱ्यात फक्त पाच. अक्षरे ठरावीक मापाने लिहिली तर पट वर जड आणि खाली रिकामा दिसेल. म्हणून जाणता लेखक पहिले अक्षर आवळून घेतो आणि शेवटचे ऐसपैस सोडतो. 'को'चा खालचा भाग एकाच वळणात उतरतो. तिथे कुंचला जवळजवळ कोरडा झालेला असतो आणि रेघेतून कागदाचे पांढरे तंतू दिसतात. पट पाहताना शाई पुन्हा कुठे बुडवली आहे ते शोधावे. रेघ जिथे एकदम ओली आणि काळी होते, ती जागा. तिन्ही अक्षरे एकाच बुडवणीत लिहिली असतील तर काळेपणा वरून खाली उतरत जातो, आणि लिहिणाऱ्याचा दम डोळ्यांना दिसतो.

पहिल्या अक्षराच्या उजव्या बाजूला वर एक लहान लाल शिक्का असतो. लेखन इथून सुरू झाले, एवढेच तो सांगतो. डावीकडे खाली सही असते आणि तिच्याखाली बहुधा दोन शिक्के. क्योतोच्या दाइतोकुजी मठातल्या भिक्षूने लिहिलेल्या पटावर सहीआधी बारीक अक्षरांत 'साकी नो दाइतोकु' असे येते. नवखा वाचक हे लेखकाचे नाव समजतो. ती मठाधिपतीचा दर्जा मिळालेल्या भिक्षूची पदवी आहे. नाव तिच्या पुढे असते. तीन अक्षरे आडवी लिहिली असतील तर ती उजवीकडून डावीकडे वाचायची. डावीकडून सुरुवात केली तर 'को' आधी येतो आणि काहीच अर्थ लागत नाही.

छापील प्रती पुष्कळ मिळतात. भिंगातून पाहिले तर छपाईत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. खरी शाई कागदाच्या तंतूंत मुरलेली असते आणि जिथे एक रेघ दुसरीवरून गेली आहे, तिथे दोन्ही थर वेगळे ओळखू येतात. शिक्क्याचा लाल रंग तेलात कालवलेला असल्याने तो कागदावर किंचित उठून राहतो. तिरप्या उजेडात हा उठाव दिसला नाही, तर पट विकत घेण्याआधी शाईही पुन्हा एकदा तपासावी.