मंडळाचे हिशेब रजिस्ट्रारकडे देण्याआधी: खातेवहीपासून ताळेबंदापर्यंत, आणि मध्ये अडलेले 2,700 रुपये

मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम 1973 खाली नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला दरवर्षी दोन गोष्टी द्याव्या लागतात. कलम 27 खाली कार्यकारिणीची यादी आणि कलम 28 खाली ऑडिट झालेले हिशेब. इंदूरमधली आपली बहुतेक मराठी मंडळं यात मोडतात. यादी तासाभरात होते, अडतो तो हिशेब. रामबागेतल्या एका छोट्या मंडळाचा खजिनदार म्हणून मी काय करतो ते सांगतो.

टेबलावर आधी एवढं हवं: 1 एप्रिल ते 31 मार्चची रोकडवही, खातेवही, बँकेचं पासबुक, एफडीची पावती, वर्गणी-देणगीची पावतीपुस्तकं, खर्चाची व्हाउचरं आणि मागच्या वर्षाचा ऑडिट झालेला ताळेबंद. शेवटचा कागद लोक विसरतात, पण सुरुवातीची शिल्लक तिथूनच येते.

मग प्रत्येक खात्याची बाकी काढून एका कागदावर नावे आणि जमा अशा दोन रकान्यांत उतरवायची. हीच तेरीज, आपल्याकडचे मुनीम हिला 'तलपट' म्हणतात. आमची नावे बाजू अशी होती: रोख 6,250, बँक 86,400, एफडी 2,00,000, फर्निचर 45,000, हॉलभाडं 36,000, मांडव 45,800, छपाई 9,800, प्रसाद 12,400, पगार 22,000. जमेला सर्वसाधारण निधी 2,62,350, वर्गणी 72,000, देणगी 1,18,000, व्याज 14,000. नावे बेरीज आली 4,63,650, जमा 4,66,350. फरक 2,700.

अशा वेळी लगेच सगळी व्हाउचरं उपसायला बसू नये. आधी दोन्ही बेरजा खालून वर पुन्हा मारायच्या. मग 2,700 ही रक्कम तशीच कुठे दिसते का ते पाहायचं, कारण एखादी नोंद एकाच बाजूला झालेली किंवा एखादं खातं उतरवायचंच राहिलेलं असू शकतं. नाही सापडली, तर निम्मी, म्हणजे 1,350 शोधायची. नावेची रक्कम जमेला गेली की फरक दुप्पट पडतो. आमच्याकडे तीही नव्हती.

त्यानंतर 9 ने भागायचं. भाग निःशेष गेला तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. 2,700 भागिले 9 म्हणजे 300. याचा अर्थ, हजार आणि शतकाच्या जागचे आकडे उलटले असावेत आणि त्या दोन आकड्यांत 3 चा फरक असावा. नावे बाजू कमी पडते, म्हणून तिथे आधी पाहिलं. मांडवाच्या 45,800 मध्ये 5 आणि 8 शेजारीशेजारी! खातेवहीत बाकी 48,500 होती. उतरवताना माझ्या हातून उलटली. अर्थात 9 चा भाग जाणं हा पुरावा नव्हे, सुगावा आहे. दोन वेगळ्या चुकांची बेरीजही 9 च्या पटीत येऊ शकते. आणि फरक सापडेना म्हणून तो उचंत खात्यात टाकून मोकळं होऊ नये, ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो.

तेरीज जुळली, तरी मला मांडवाचा आकडा जड वाटला. व्हाउचर पाहिलं तर गणेशोत्सवात विकत घेतलेल्या खुर्च्यांचे 8,000 त्यातच होते. नावेची रक्कम नावेलाच, फक्त चुकीच्या खात्यात, म्हणून बेरजेला काहीच कळलं नाही. नोंदवायची राहूनच गेलेली पावतीही अशीच निसटते, म्हणून बँकेची बाकी पासबुकाशी आणि पावतीपुस्तकं रोकडवहीशी स्वतंत्रपणे ताडावी लागतात.

खुर्च्या फर्निचरमध्ये नेल्यावर मांडव 40,500 आणि फर्निचर 53,000 झालं. मग वर्षअखेरचे फेरफार. मार्चचा पगार 2,000 द्यायचा राहिला होता, तो खर्चात वाढवला. वर्गणीतले 3,000 पुढच्या वर्षाचे होते, ते वजा केले. फर्निचरवर 10 टक्के घसारा 5,300 धरला. उत्पन्न-खर्च पत्रकात उत्पन्न 2,01,000, खर्च 1,28,000, वाढावा 73,000.

ताळेबंदात हा वाढावा निधीत मिळवून 3,35,350, त्यात देणं पगार 2,000 आणि आगाऊ वर्गणी 3,000, मिळून 3,40,350. समोर रोख, बँक, एफडी आणि घसारा वजा जाता फर्निचर 47,700, तीही बेरीज 3,40,350. दोन्ही पत्रकं आणि वर्षाचं जमा-खर्च पत्रक ऑडिटरकडे गेलं. त्यांनी विचारलं ते एवढंच, की खुर्च्यांचं बिल मंडळाच्या नावावर आहे ना. ते मांडववाल्याच्याच बिलात एका ओळीत होतं, म्हणून त्याच्याकडून वेगळं करून आणावं लागलं.