किमान भार आणि कमाल भार: दोन उतार, एक दोर आणि खरखरीत कप्पी

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्समध्ये घर्षण शिकताना हे गणित हमखास समोर येतं. दोन उतार पाठीला पाठ लावून उभे असतात, दोन्हींवर एकेक ठोकळा असतो, माथ्यावर कप्पी आणि तिच्यावरून गेलेल्या दोराने दोन्ही ठोकळे बांधलेले. एका ठोकळ्याचं वजन दिलेलं असतं, दुसऱ्याचं काढायचं असतं. प्रश्नात कधी ‘समतोल राखणारा किमान भार काढा’ असं असतं, कधी ‘कमाल भार काढा’. दोन्हींची आकृती एकच, आकडे तेच, सूत्रंही तीच. म्हणूनच मुलं एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊन बसतात, किंवा अर्धं गणित एका बाजूने आणि अर्धं दुसऱ्या बाजूने सोडवतात. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तिथे उत्तर दिसायला अगदी साळसूद येतं.

एक उदाहरण घेऊ. डावा उतार ३०° चा, त्यावर A हा १००० न्यूटन वजनाचा ठोकळा, उताराशी त्याचा घर्षणांक ०.२. उजवा उतार ४५° चा, त्यावर B, त्याचा घर्षणांक ०.३ आणि वजन W माहीत नाही. दोर दोन्ही बाजूंना उताराला समांतर आहे. कप्पी पक्की बसवलेली आहे, फिरत नाही. दोर आणि कप्पी यांच्यातला घर्षणांक ०.२५.

‘फिरत नाही’ हे दोन शब्द वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. कप्पी बेअरिंगवर मोकळी फिरणारी असेल, तर तिचा पृष्ठभाग कितीही खरखरीत असो, दोर तिच्यावर घसरणारच नाही. तो कप्पीला बरोबर घेऊन फिरेल आणि दोन्ही बाजूंचा ताण सारखाच राहील. खरखरीतपणाचा हिशेब तेव्हाच करायचा, जेव्हा कप्पी जागेवर राहते आणि दोर तिच्यावरून सरकायच्या बेतात असतो.

आता मुख्य प्रश्न. कमाल भार म्हणजे B इतका जड की तो खाली सरकायच्या बेतात आहे आणि A ला वर ओढायच्या बेतात आहे. किमान भार म्हणजे B इतका हलका की A च खाली सरकायच्या बेतात आहे आणि B वर ओढला जायच्या बेतात आहे. घर्षण नेहमी होऊ घातलेल्या सरकण्याच्या विरुद्ध असतं. त्यामुळे या दोन स्थितींत घर्षणाची दिशा उलटते, आणि ती तिन्ही ठिकाणी उलटते: A खाली, B खाली आणि कप्पीवर. ठोकळ्यांखालची दिशा बहुतेक जण बरोबर उलटवतात, कारण फ्री बॉडी डायग्राममध्ये तिथे बाण काढावा लागतो. कप्पीवर बाण कोणी काढत नाही. तिथलं घर्षण सूत्रात लपलेलं असतं आणि नेमकं तेच उलटवायचं राहून जातं.

भाऊच्या धक्क्यावर लाँच बांधताना पाहिलं तर कप्पीवरची ही उलटापालट उघड दिसते. खलाशी दोराचा एक वेढा खुंट्याला देतो आणि मोकळं टोक हातात धरतो. लाटेबरोबर लाँच दोर ओढते, तरी तिला रोखायला हाताचा थोडासाच जोर पुरतो. घर्षणांक ०.२५ धरला, तर एका पूर्ण वेढ्याला लाँचच्या बाजूचा ताण हाताच्या ताणाच्या सुमारे ४.८ पट होऊ शकतो, दोन वेढ्यांना सुमारे २३ पट. पण त्याच वेढ्यातून दोर खेचून लाँच जवळ ओढायची म्हटली, तर आता हाताला जास्त ताण द्यावा लागतो आणि खुंटा विरोधात उभा राहतो. खुंटा तोच, वेढाही तोच. फक्त दोर कुठल्या बाजूला सरकणार हे बदललं आणि मोठा ताण बाजू बदलून गेला.

कप्पीचा नियमही हाच: दोर ज्या बाजूकडे सरकायच्या बेतात असतो, त्या बाजूचा ताण मोठा. सूत्र ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखलं जातं:

```
T(मोठा) = T(लहान) × e^(μθ)
```

यात θ म्हणजे दोर कप्पीला जेवढ्या कोनात चिकटलेला आहे तो कोन, रेडियनमध्ये. कप्पीची त्रिज्या सूत्रात कुठेच येत नाही.

हा कोन काढताना घोटाळा होतो, म्हणून इथे थोडं थांबू. दोर डावीकडून ३०° ने वर चढतो आणि कप्पीवरून गेल्यावर ४५° ने खाली उतरतो. म्हणजे त्याची दिशा एकूण ३० + ४५ = ७५° ने वळली. जेवढी दिशा वळली, तेवढाच कोन दोर कप्पीला चिकटलेला असतो. काही जण १०५° घेतात. तो दोन उतारांमधला माथ्याचा कोन आहे, त्याचा वेढ्याशी संबंध नाही. शंका आली तर टोकाची स्थिती मनात आणावी. दोन्ही उतार सपाट केले तर दोर सरळ जाईल आणि कप्पीला जेमतेम टेकेल, म्हणजे कोन शून्य. दोन्ही उतार उभे केले तर दोर अर्ध्या कप्पीला वेढेल, म्हणजे १८०°. दोन्हीकडे बेरीजच बरोबर येते. सरावाच्या प्रश्नात उतार ३०° आणि ६०° चे असतील तर बेरीजही ९०° आणि माथ्याचा कोनही ९०°, त्यामुळे चुकीची समजूत पकडली जात नाही. म्हणूनच मी इथे ४५° घेतला.

७५° म्हणजे १.३०९ रेडियन. मग μθ = ०.३२७ आणि e^(μθ) = १.३८७. कुणी रेडियन न करता ७५ तसेच घातले तर हा गुणक साधारण १४ कोटी येतो, त्यामुळे ती चूक निदान लपून राहत नाही.

आधी कमाल भार. A वर सरकायच्या बेतात, म्हणून त्याच्याखालचं घर्षण उतारावरून खाली, वजनाच्या घटकाच्याच बाजूने. दोराला दोन्ही पेलायचे आहेत. B खाली सरकायच्या बेतात, म्हणून तिथलं घर्षण वर, दोराच्या मदतीला. दोर B कडे सरकणार, म्हणून B कडचा ताण मोठा.

```
T_A = 1000 (sin 30° + 0.2 cos 30°) = 673.2 N
T_B = 673.2 × 1.387 = 933.8 N
W (sin 45° − 0.3 cos 45°) = 933.8
W = 1887 N
```

आता किमान भार. A खाली सरकायच्या बेतात, त्याच्याखालचं घर्षण वर, म्हणून दोरावरचा बोजा कमी होतो. B वर सरकायच्या बेतात, त्याचं घर्षण खाली. दोर A कडे सरकणार, म्हणून आता मोठा ताण A कडचा, आणि B कडे जाताना भागायचं आहे.

```
T_A = 1000 (sin 30° − 0.2 cos 30°) = 326.8 N
T_B = 326.8 / 1.387 = 235.6 N
W (sin 45° + 0.3 cos 45°) = 235.6
W = 256 N
```

म्हणजे B चं वजन २५६ पासून १८८७ न्यूटनपर्यंत काहीही असलं, तरी सगळं जागेवर राहू शकतं. एवढी मोठी फट पाहून मुलं बिचकतात आणि आपलंच काहीतरी चुकलं असं समजतात. घर्षण कुठेच नसतं तर W ला एकच किंमत होती, ७०७ न्यूटन. त्या एका किमतीला घर्षण दोन्हीकडे ताणतं.

नेहमी होणारी चूक आता पाहू. किमान भार काढताना ठोकळ्यांची चिन्हं बरोबर उलटवली, पण कप्पीवर सवयीने गुणाकारच केला, तर T_B = ४५३.३ आणि W = ४९३ न्यूटन येतो. ४९३ हा आकडा ७०७ पेक्षा कमी आहे, किमान भार म्हणून शोभतोही. चूक दिसावी कशी? कप्पी गुळगुळीत आहे असं धरून तेच गणित पुन्हा करावं. तेव्हा ताण दोन्हीकडे ३२६.८ आणि किमान भार सुमारे ३५६ न्यूटन येतो. खरखरीत कप्पी समतोलाला मदतच करते, म्हणून तिच्यामुळे किमान भार ३५६ च्या खालीच जायला हवा. ४९३ वर गेला, म्हणजे कप्पीचं घर्षण उलट्या दिशेने लागलं. कमाल भाराचंही तसंच: गुळगुळीत कप्पीला तो १३६० न्यूटन, आणि खरखरीत कप्पीला त्याहून जास्तच असायला हवा. फरक दोन्हीकडे त्याच १.३८७ चा आहे, एकीकडे गुणून आणि दुसरीकडे भागून. ही पडताळणी दोन ओळींची आहे, पेपरातही करून पाहावी.

अजून एक सोय सांगतो. कमाल भाराचं सूत्र अक्षरांत लिहून ठेवलं आणि त्यातल्या तिन्ही घर्षणांकांची चिन्हं एकदम बदलली, की किमान भाराचं सूत्र आपोआप मिळतं. घातांक ऋण होतो आणि गुणाकाराचा भागाकार होतो. अट एवढीच की तिन्ही बदलायची, दोन नाहीत.

मधल्या किमतींबद्दलही बोलायला हवं. W = १००० न्यूटन असताना दोरातला ताण किती? याचं एकच उत्तर देता येत नाही. ताण बऱ्याच वेगवेगळ्या किमतींचा असू शकतो आणि प्रत्येक वेळी ठोकळ्यांखालचं घर्षण त्याप्रमाणे जुळवून घेतं. घर्षण ‘घर्षणांक गुणिले लंबबल’ इतकं फक्त सरकायच्या क्षणी असतं, आणि दोर ताणला जात नाही असं धरलं तर तिन्ही जागी तो क्षण एकदमच येतो. म्हणून मर्यादेवर ताण ठामपणे काढता येतो, मध्ये येत नाही. मधल्या किमतीला मर्यादेचं सूत्र लावून ताण काढणं ही वेगळीच चूक आहे, आणि तिच्यात आकडा कधी संशयास्पद दिसतही नाही.

शेवटी, ही दोन उत्तरं नेहमी मिळतीलच असंही नाही. A चा घर्षणांक ०.२ ऐवजी ०.६ असता, तर किमान भाराच्या गणितात T_A = ५०० − ५१९.६, म्हणजे ऋण आला असता. दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. ऋण ताणाचा अर्थ एवढाच की ३०° च्या उतारावर A स्वतःच्याच घर्षणाने उभा आहे, त्याला B ची गरजच नाही. किमान भार शून्य. उलट B चा घर्षणांक १ किंवा जास्त असता, तर ४५° वर B कितीही जड केला तरी आपल्या वजनाने खाली सरकला नसता. कमाल भाराच्या समीकरणात कंस शून्य किंवा ऋण होतो आणि कमाल भार उरतच नाही. म्हणून आकडेमोड सुरू करण्याआधी प्रत्येक उताराच्या कोनाचा टॅन्जंट घर्षणांकाशी ताडून पाहावा. इथे ०.५७७ हा ०.२ पेक्षा मोठा आहे आणि १ हा ०.३ पेक्षा मोठा आहे, म्हणून दोन्ही मर्यादा खरोखर अस्तित्वात आहेत.