जुन्या माणसांसाठी स्क्रिप्ट पुन्हा लिहिणे

तरुणांसाठी लिहिलेली व्हिडिओची स्क्रिप्ट साठीपुढच्या लोकांना झेपेल अशी नव्यानं लिहायची, म्हणजे वेग कमी, खालची अक्षरं मोठी आणि पोट्ट्यांची भाषा बाजूला. विदर्भाच्या खेड्यात हे काम जास्त करून शेतीच्या व्हिडिओंचं निघतं, कारण कॅमेऱ्यासमोर पोरगं असतं अन् कपाशीचा निर्णय घरी बापाचा.

गुलाबी बोंडअळीचं उदाहरण घेऊ. मूळ ओळ अशी: "भावांनो, पिंक बोलवर्मनं वाट लावली ना? मग ट्रॅप ठोका, ईटीएल क्रॉस झालं की डायरेक्ट ॲक्शन!" ईटीएल म्हणजे फवारणीची वेळ आली असं सांगणारा किडीचा आकडा, पण सापळे किती अन् आकडा किती ते यात सांगितलेलंच नाही. नवी ओळ: "पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी हाये का पाहासाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा. रोज सकाळी पतंग मोजा. एकेका सापळ्यात आठ पतंग, असं लागोपाठ तीन दिवस आलं, तर फवारणीचं पाहा." शब्द वाढले, चालतं, पण एका वाक्यात एकच काम आहे.

इथं नवशिका हमखास चुकतो. स्लँग काढायची म्हणून तो इंग्रजी शब्द वेचून "कीटकनाशक द्रावण" वगैरे लिहितो, आणि म्हाताऱ्याला तेच परकं वाटतं. पंप, डोस, मोबाईल हे शब्द राहू द्यावे, कीटकनाशकाला औषधच म्हणावं.

वेगाचं म्हणाल तर तरुणांच्या स्क्रिप्टमधे मिनिटाला दीडशेच्या वर शब्द जातात, इथं शंभराच्या आसपास ठेवायचे. नुसता व्हिडिओ ०.७५ वेगानं चालवून भागत नाही, आवाज ओढल्यासारखा येतो अन् विचार करायला जागा काही मिळत नाही, म्हणून आकड्यानंतर दोन सेकंद थांबा असं स्क्रिप्टमधेच लिहायचं. वयानं आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स, श, फ निसटतात, आणि मागं गाणं वाजत असेल तर आणखीच, म्हणून बोलताना संगीत बंद.

अक्षरं मोठी केली की दोन ओळींच्या चार होतात, मग मजकूरच कापावा लागतो, एका वेळी दोनच ओळी. देवनागरीत उकार खाली अन् वेलांटी वर जाते, ओळी चिकटवल्या तर खालचा उकार पुढच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, म्हणून ओळींमधलं अंतर मोकळं पाहिजे. मोतीबिंदूवाल्याला पांढऱ्या कापसावर पांढरी अक्षरं दिसतच नाहीत, मागं काळी पट्टी लागतेच. एकेक शब्द उड्या मारत येणारी कॅप्शन तर पूर्ण बाद. ज्याला वाचताच येत नाही त्याला अक्षरं कितीही मोठी केली तरी उपयोग शून्य, तिथं सापळा हातात धरून दाखवावा लागतो.

तपासायचं कसं, तर एखाद्या आजोबांना व्हिडिओ एकदाच दाखवायचा अन् विचारायचं, "बाबाजी, फवारणी कवा कराची?" ते "आठ पतंग दिसले की" म्हणाले तर "लागोपाठ तीन दिवस" हरवलं, ते वेगळ्या वाक्यात टाकून बोटं दाखवत पुन्हा म्हणायचं.