सूट आणि सुधारित कोटेशन

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री किंवा मशीन शॉप चालवणाऱ्यांना महिन्यातून दोनतीनदा तरी असा फोन येतो: ‘तुमचा दर नगाला १,८०० आहे, शिरोलीच्या फाउंड्रीने १,६२० दिलाय. काहीतरी कमी करा, ऑर्डर तुम्हालाच देतो.’ या फोनला दोन प्रकारे उत्तर देता येते. एक म्हणजे सूट देणे आणि दुसरे म्हणजे सुधारित कोटेशन देणे. दोन्हींत शेवटी आकडा खाली येतो, त्यामुळे समोरच्याला आणि पुष्कळदा आपल्यालाही दोन्ही गोष्टी एकच वाटतात. फरक असा की सुटीत देण्याघेण्याचे सगळे तेच राहते आणि फक्त पैसे कमी होतात, तर सुधारित कोटेशनमध्ये काम किंवा अटी बदलतात आणि त्या बदलाइतकेच पैसे कमी होतात.

हा फरक एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत रोजची आहे. निपाणीकडच्या एका पंप बनवणाऱ्याला एफजी २६० प्रतीच्या बिडाच्या दोनशे पंप बॉडी मशीनिंगसह हव्या आहेत. आपला दर १,८०० रुपये आणि नगाचा सगळा खर्च १,५८० रुपये, म्हणजे हातात २२० रुपये राहतात. शिरोलीचा १,६२० चा दर दाखवून पार्टी १,६५० ला द्या म्हणते. तिच्या दृष्टीने ही साडेआठ टक्क्यांच्या आतली सूट आहे, पण खर्च एक रुपयाही घटलेला नसल्यामुळे हे १५० रुपये पूर्णपणे आपल्या २२० मधून जातात. नगामागे ७० रुपये उरतात. दोनशे नगांवर जे ४४,००० रुपये सुटणार होते, तेवढे मिळवण्यासाठी या नव्या दराने सव्वासहाशेहून अधिक नग करावे लागतील.

सुटीचे दुसरे नुकसान पुढच्या ऑर्डरला कळते. धंद्याच्या पहिल्या वर्षी मीही ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून असाच दर तोडून दिला होता आणि ‘या वेळेपुरते’ असे फोनवर बजावलेही होते. चार महिन्यांनी पुन्हा कोटेशन पाठवले, तेव्हा पार्टीने जुने बिल पुढे केले. तिचे काही चुकले नव्हते, कारण बिलावर नुसता कमी दर होता. मूळ दर किती आणि सूट किती याची ओळच मी घातली नव्हती. सूट द्यायचीच असेल तर बिलावर आधी पूर्ण दर लिहावा, खाली सूट वेगळी दाखवावी आणि उरलेल्या रकमेवर जीएसटी लावावा.

सुधारित कोटेशनची सुरुवात दुसरीकडून होते. आपला दर कमी करण्याआधी शिरोलीच्या फाउंड्रीचा १,६२० हा दर नेमका कशाचा आहे, हे समजून घ्यावे लागते. पार्टीला सरळ सांगावे, ‘साहेब, त्यांचे कोटेशन दर झाकून पाठवले तरी चालेल, मला फक्त अटी बघायच्या आहेत.’ दर झाकायला सांगितले की मागणी आगाऊपणाची वाटत नाही, आणि बहुतेक जण कागद पाठवतात. या उदाहरणात त्या कागदावर असे निघाले, की माल शिरोलीच्या गेटवर द्यायचा, भाडे पार्टीचे, पॅकिंग वेगळे, पाण्याच्या दाबाची चाचणी नाही, आणि पैसे माल उचलण्याआधी. आपल्या १,८०० मध्ये निपाणीपर्यंतचे भाडे ४५, लाकडी पेटीचे पॅकिंग २०, प्रत्येक नगाची दाबचाचणी ४० आणि पंचेचाळीस दिवसांची उधारी धरलेली होती. बारा टक्के व्याजाने त्या उधारीचेच नगामागे २७ रुपये होतात.

जीएसटीविषयी इथे एक गैरसमज काढला पाहिजे. महाराष्ट्रातल्या शिरोलीहून कर्नाटकात आलेल्या मालावर आयजीएसटी लागतो आणि बेळगावहून निपाणीला गेलेल्या मालावर सीजीएसटी व एसजीएसटी लागतात, म्हणून काही जणांना पलीकडचा माल स्वस्त किंवा महाग वाटतो. एकूण कर सारखाच असतो आणि नोंदणीकृत पार्टीला त्याचे क्रेडिट मिळते. म्हणून तुलना कर लावण्याआधीच्या दरांचीच करावी.

आता उत्तर लिहिता येते: ‘आपण पाठवलेल्या अटींप्रमाणे आमचाही दर काढला आहे. माल आमच्या गेटवरून आपल्या गाडीने उचलला, पेटीऐवजी आपले परतीचे क्रेट वापरले आणि पैसे माल निघण्याआधी दिले, तर दर १,७१० रुपये होईल. दाबचाचणी यात धरलेलीच आहे. पोच माल आणि पंचेचाळीस दिवसांची मुदत हवी असल्यास आधीचा १,८०० चा दर कायम आहे.’ ४५, २० आणि २७ मिळून ९२ रुपये होतात, त्यातले ९० कमी केले. आपले २२० शाबूत राहिले, आणि पुढच्या वेळी पार्टीने १,७१० चे कोटेशन दाखवले तरी अटी त्याच कागदावर असतील.

मी चाचणी मात्र कमी केली नाही. पंप बॉडीतले बारीक छिद्र डोळ्यांना दिसत नाही. पाणी भरून दाब दिला की तिथे ओल धरते. ते आपल्याकडे सापडले तर एक नग बाजूला पडतो, आणि पार्टीकडे सापडले तर जुळवलेला पंप खोलावा लागतो. तसेच एफजी २६० च्या दरात गुपचूप एफजी २०० ओतणे हे सुधारित कोटेशन नव्हे, ती फसवणूक आहे. चाचणीपट्टी ओढून पाहिली की दर चौरस मिलिमीटरला २६० न्यूटनची ताकद तिथे भरत नाही, आणि मग दराचा विषयच उरत नाही. बदल पार्टीच्या कागदावर लिहिलेला असला, तरच त्याचे पैसे कमी करण्याला अर्थ आहे.

आपण खरोखर काय केले हे ओळखायचे असेल तर दोन्ही कोटेशने शेजारी ठेवून दराची ओळ हाताने झाकावी. बाकी प्रत्येक ओळ तीच असेल तर वरती ‘सुधारित’ असे कितीही ठळक लिहिले तरी ती सूटच आहे.

एवढे करूनही शिरोलीच्या दरात चाचणीचे ४० धरले तर तो १,६६० होतो आणि आपला १,७१० राहतो. या ५० रुपयांवर गप्प राहू नये. काही पोकळ्या मशीनिंग झाल्यावरच उघड्या पडतात. अशा वेळी शिरोलीची फाउंड्री फक्त कास्टिंग बदलून देणार असेल, तर मशीनिंगचे पैसे पार्टीच्या अंगावर येतात. मशीनिंग ४५० रुपयांचे धरले आणि शंभरात पाच नग असे निघाले, तर नगामागे साडेबावीस रुपये होतात. आपण मशीनिंगसह नग बदलून देत असू, तर ते उत्तरात लिहावे. उरलेल्या साडेसत्तावीस रुपयांसाठी मी कारण शोधत बसत नाही. ‘तेवढ्यापुरते ते आमच्यापेक्षा स्वस्त आहेत’ असे मी लिहून देतो, आणि त्यावर माल कुठून घ्यायचा हे पार्टीने ठरवावे.